फाटा जिथून निघतो, तिथेच बंद करा

मिरजेतल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात वजूसाठी तीन नळ होते. भिंतीला टेकून सिमेंटचा लांब कट्टा, त्यावर बसायची जागा आणि पायाशी पन्हळ. दादाजींनी ही जागा करून घेतली होती. शुक्रवारी घरातले पुरुष आणि शेजारचे दोघे-तिघे तिथेच वजू करून मशिदीत जायचे. दोन वर्षांपूर्वी घराचं काम काढलं, तेव्हा अंगणावर स्लॅब टाकून मुलासाठी आणि सुनेसाठी खोली केली. वजूची जागा वर, नमाजच्या खोलीशेजारी नेली. खाली नव्या खोलीत, नळ होते त्याच भिंतीला, फडताळ बसवलं.

नळांचं काय करायचं, हा प्रश्न मिस्त्रींनी पाच मिनिटांत सोडवला. तिन्ही नळ काढले, एल्बोच्या तोंडात प्लास्टिकच्या डमी टेफ्लॉन लावून आवळल्या आणि वरून प्लास्टर केलं. आम्ही समोर उभे होतो. पाणी थांबलेलं दिसलं आणि आमचं समाधान झालं.

आठ महिन्यांनी फडताळातून कुबट वास यायला लागला. खालच्या कप्प्यात दादाजींचं कुरआन शरीफ आणि घराची जुनी कागदपत्रं कापडात बांधून ठेवली होती. अम्मींनी कापड सोडलं तर पानांच्या कडा ओलसर होऊन वळल्या होत्या. मागच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत पांढरा खार फुटला होता आणि रंगाचे पोपडे निघत होते. त्याच सुमारास स्वयंपाकघरातल्या नळाला पहाटे पहिलं पाणी तांबूस यायचं आणि त्याला गंजाचा वास असायचा. या दोन तक्रारींचं मूळ एकच असेल, असं आमच्या मनातही आलं नाही.

ओल आधी पावसाची वाटली. पण पाऊस संपून तीन महिने झाले तरी ती वाढतच होती. मग आम्ही टाकीची परीक्षा घेतली. ही कोणालाही करता येते. रात्री दहा वाजता घरातले सगळे नळ बंद केले, मोटर बंद ठेवली आणि फ्लशच्या टाक्यांचे अँगल कॉकही फिरवून बंद केले. फ्लशचं पाणी हळूहळू झिरपत असेल तर ही परीक्षा फसते. वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने खूण केली. सकाळी फजरच्या वजूसाठी कोणी नळ उघडायच्या आत, पाच वाजता, पुन्हा पाहिलं. पाणी 1 सेंटिमीटर खाली गेलं होतं.

एक सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही. पण आमची 1000 लिटरची टाकी साधारण 110 सेंटिमीटर व्यासाची आहे. तिच्यात पातळी 1 सेंटिमीटर उतरली म्हणजे जवळपास साडेनऊ लिटर पाणी गेलं. सात तासांत साडेनऊ लिटर, तर दिवसाला सुमारे 32 लिटर आणि महिन्याला जवळपास हजार लिटर. म्हणजे दर महिन्याला अख्खी एक टाकी आमच्या भिंतीत आणि जोत्याखालच्या भरावात मुरत होती. वजू करताना नळ बारीक सोडा, इस्राफ करू नका, असं मुलांना सांगणाऱ्या आमच्या घरात!

टाकीतून दोन लाइन निघतात. एक वरच्या बाथरूमची, दुसरी खाली स्वयंपाकघराकडे जाणारी. दुसऱ्या रात्री आम्ही खालच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवून तीच परीक्षा केली. पेन्सिलीची खूण जागची हलली नाही. गळती खालच्या लाइनवर आहे, हे नक्की झालं.

मग ओळखीतल्या एका वयस्कर प्लंबरना बोलावलं. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी भिंत पाहिली, स्वयंपाकघराचं पाणी पाहिलं आणि विचारलं, "बेटा, इथले नळ काढले तेव्हा मागचा पाईप कुठपर्यंत काढला?" आम्ही म्हटलं, "पाईप तसाच आहे, नळांच्या जागी डमी लावल्या." चाचा म्हणाले, "मग नळ बंद झाले, पाईप चालूच आहे. त्यात अजून टाकीचा दाब आहे."

सगळा घोटाळा या एका वाक्यात होता. टाकीतून येणारी पाऊण इंची जीआयची, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची लाइन बोळातून स्वयंपाकघराकडे जाते. बोळात तिच्यावर एक टी आहे. त्या टीमधून अर्धा इंची फाटा निघून जमिनीखालून अंगणाच्या भिंतीत जायचा आणि तिथे त्याला तीन नळ होते. फाट्याची लांबी सुमारे चार मीटर. आमच्या मिस्त्रींनी तो शेवटाला बंद केला होता, सुरुवातीला नाही. त्यामुळे चार मीटर पाईप पाण्याने भरलेला, दाबाखाली आणि प्लास्टरच्या आड राहिला. त्या पाण्याला पुढे जायला वाट नव्हती आणि त्या पाईपकडे पुन्हा कोणाचं लक्ष जाणार नव्हतं. असा फाटा दोन प्रकारे त्रास देतो, आणि आमच्याकडे दोन्ही झाले.

पहिला त्रास गळतीचा. जीआय पाईपला जस्ताचा मुलामा असतो, पण जोडासाठी आटे पाडताना तो तिथे कापला जातो. म्हणून जुना पाईप बहुधा आट्यांपाशीच आधी गंजतो. तीन नळ म्हणजे तीन एल्बो-टी, त्यांची निपलं आणि जोड, सगळे जुने. त्यात प्लास्टिकची डमी ही कायमची वस्तूच नाही. बांधकाम चालू असताना लाइन तपासायला किंवा तोंडात कचरा जाऊ नये म्हणून ती तात्पुरती लावतात आणि नंतर तिच्या जागी नळ बसतो. लोखंडाच्या गंजलेल्या आट्यांत ती आवळली तर तिचे मऊ आटे कातरले जातात. टेफ्लॉनमुळे सुरुवातीला पाणी थांबतं. पुढे कधीतरी थेंब सुटतो आणि प्लास्टरमुळे तो कोणाला दिसत नाही. नळ होते तेव्हा एखादा जोड पाझरला असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

दुसरा त्रास साचलेल्या पाण्याचा. अर्धा इंची पाईपमध्ये मीटरमागे साधारण 200 मिलिलिटर पाणी मावतं. चार मीटरमध्ये 800 मिलिलिटर. हे पाणी महिनोन् महिने बदलत नाही. त्यातलं क्लोरीन संपतं, गंज उतरतो आणि पाईपच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. फाटा पुढून बंद असला तरी टीपाशी तो चालू लाइनला उघडाच असतो. त्यात अडकलेली हवा मोटर सुरू झाली किंवा नळ उघड-बंद झाला की दबते आणि फुगते, आणि दर वेळी थोडं शिळं पाणी चालू लाइनमध्ये ढकलते. आमच्या स्वयंपाकघराचा नळ त्या टीच्या पुढे होता. पहाटेचं तांबूस पाणी तिथूनच यायचं.

अशा साचलेल्या, 20 ते 45 अंश सेल्सिअसमधल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढू शकतो. 1976 साली फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनानंतर न्यूमोनियाची मोठी साथ आली आणि तिच्या शोधात तो सापडला. तो बहुतेक वेळा पाणी पिण्यातून नव्हे, तर शॉवरसारख्या ठिकाणी उडणारे सूक्ष्म तुषार श्वासात गेल्याने बाधतो. वयस्कर आणि फुप्फुसाचा आजार असलेल्या माणसांना धोका जास्त. म्हणून गीझरच्या किंवा शॉवरच्या लाइनवर असा मेलेला फाटा राहू देऊ नये. आमच्या घरात कोणी आजारी पडलं नाही, पण अम्मींना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे आम्ही हे गांभीर्याने घेतलं.

अम्मींचा प्रश्न मात्र वेगळाच होता. इतके महिने त्या स्वयंपाकघराच्या पाण्याने वजू करत होत्या, ती झाली की नाही? आम्ही मशिदीतल्या मौलाना साहेबांना विचारलं. ते म्हणाले, नुसतं साचून राहिल्याने किंवा पाईपच्या गंजाने रंग-वास बदललेलं पाणी नापाक होत नाही. वजू झाली, नमाजही झाली, जिवाला लावून घेऊ नका. मग हसून म्हणाले, "पण पाक पाणी प्यायला चांगलंच असेल असं नाही. ते तुमच्या प्लंबरना विचारा."

आता काम कसं केलं ते सांगतो.

चाचांनी आधी अंगणाच्या भिंतीला हातच लावला नाही. ते बोळात गेले. तिथली एक फरशी काढून, छिन्नीने हळूहळू खोदत त्यांनी टी उघडी केली. तिच्या तिन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा केली, कारण पाना फिरायला तेवढी लागते. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खालचा सगळ्यात सखल नळ उघडून लाइन रिकामी होऊ दिली. स्वयंपाकघराचा नळही उघडा ठेवला. वरून हवा आत आली नाही, तर पाणी पाईपमध्ये अडकून राहतं.

फाटा त्यांनी टीपासून वीतभर अंतरावर हॅक्सॉने कापला. राहिलेला तुकडा टीमधून उलटा फिरवून काढायचा होता. इथे त्यांनी दोन पाने घेतले. एकाने टी घट्ट धरली आणि दुसऱ्याने तुकडा फिरवला. एकाच पान्याने जोर लावला असता तर टीसुद्धा थोडी फिरली असती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे, आजवर न गळणारे जोड सैल झाले असते. मग एक गळती बंद करताना भिंतीत दोन नव्या तयार होतात. तुकडा हलत नव्हता. चाचांनी आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकलं, अर्धा तास थांबले, टीवर बाहेरून हातोडीने हलके ठोके दिले. त्यानंतर तो निघाला.

टीच्या तोंडातले आटे तारेच्या ब्रशने साफ करून चाचांनी बॅटरी लावून पाहिले. ते शाबूत होते. मग अर्धा इंची जीआयचा प्लग घेतला. पितळेचा नाही आणि प्लास्टिकचाही नाही. लोखंडाला पितळ भिडलं आणि मध्ये पाणी असलं, की लोखंड लवकर झिजतं. प्लगच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप, प्लग आवळताना फिरतो त्याच दिशेने गुंडाळली, म्हणजे आवळताना ती सुटत नाही. पुन्हा टी एका पान्याने धरून प्लग दुसऱ्याने आवळला. आता टीच्या तोंडातच अडथळा होता. त्यामागे साचायला जागा उरली ती जेमतेम बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्या शेजारून रोज पाणी वाहतं.

चाचांनी लगेच खड्डा बुजवू दिला नाही. लाइन आधी पाण्याने भरली, स्वयंपाकघराचा नळ उघडून हवा पूर्ण काढून टाकली आणि मग हातपंप लावला. टाकी नळापासून 7 मीटर उंच असेल तर लाइनमध्ये साधारण 0.7 किलोचा दाब असतो, कारण 10 मीटर उंचीला 1 किलो असा हिशेब. त्यांनी 3 किलोपर्यंत दाब दिला. नव्या सीपीव्हीसी लाइनला 10 किलोपर्यंत दाब देऊन तपासतात, पण जुन्या जीआयला तसं केलं तर दुखणं नसलेला जोडही उघडेल, असं ते म्हणाले. काटा सुरुवातीला किंचित उतरला. त्यांनी पंपाने तो पुन्हा वर आणला, त्यानंतर तो तासभर जागचा हलला नाही. मग पंप काढून टीखाली कोरड्या वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि सांगितलं, "उद्या याच वेळेपर्यंत असंच राहू द्या." कागदावर थेंबाचा डाग लगेच दिसतो. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा होता.

त्याच रात्री आम्ही टाकीची परीक्षा पुन्हा घेतली. पाच वाजता पेन्सिलीची खूण आणि पाणी एकाच रेषेत होतं.

मेलेला चार मीटर पाईप काढण्यासाठी नव्या खोलीची फरशी फोडावी लागली असती. ते आम्ही टाळलं. पण त्यात पाणी राहू दिलं नाही. भिंतीतल्या डमी काढल्या, बोळातल्या कापलेल्या टोकातून फुंकणीच्या पंपाने हवा मारून तो रिकामा केला आणि मग दोन्ही टोकं सिमेंटने बुजवली, म्हणजे झुरळं आत घर करणार नाहीत. रिकामा, कशालाही न जोडलेला पाईप जमिनीत राहिला तर बिघडत नाही. प्लगवर डांबरी टेप गुंडाळून खड्डा सिमेंट-वाळूने भरला. तिथे पीओपी किंवा जिप्सम वापरू नये, ते ओलं झालं की लोखंडाला खातं.

बुजवण्याआधी आम्ही टेप पसरून फोटो काढला: बोळाच्या दारापासून 85 सेंटिमीटर, भिंतीपासून 20. तो फोटो छापून घराच्या कागदपत्रांत ठेवला आहे. पुढे कोणी तिथे ड्रिल मारायला निघालं, तर त्याला कळेल.

चाचा म्हणाले, टीचे आटेच कुजलेले निघाले असते, किंवा कापलेल्या पाईपचं तोंड गंजाने अर्धं भरलेलं दिसलं असतं, तर प्लग लावून उपयोग नव्हता. तशा वेळी टीच कापून काढून तिथे सरळ तुकडा घालावा लागतो, आणि लाइन सगळीकडे तशीच असेल तर ती पूर्ण बदलणंच स्वस्त पडतं. तुकडा घालायला युनियन वापरला, तर तो भिंतीत गाडू नये. तो कधीतरी आवळावा लागतो, म्हणून त्याच्यापुढे उघडता येईल अशी झडप ठेवावी.

ज्यांच्या घरात सीपीव्हीसीचे पिवळसर पाईप आहेत, त्यांचं काम थोडं वेगळं. तिथे टी चिकटवलेली असते, आट्यांची नसते, म्हणून फाटा फिरवून काढता येत नाही. दोन मार्ग उरतात. भिंत दोन्ही बाजूंनी पुरेशी उघडून पाईपला थोडी लवचीकता मिळत असेल, तर टी कापून काढायची आणि दोन कपलर लावून सरळ तुकडा घालायचा. यात फाटा उरतच नाही. ते शक्य नसेल तर फाटा टीला अगदी लागून कापायचा, एंड कॅप बसेल तेवढंच बोटभर टोक ठेवायचं आणि कॅप टीला टेकेपर्यंत आत सारायची. मेलेली जागा पाईपच्या जाडीच्या दुप्पट-तिपटीपेक्षा जास्त राहू नये, एवढं पाहावं.

चिकटवताना बहुतेक चूक ओलाव्याची होते. कापलेलं टोक सरळ हवं, त्याची धार खरवडून काढलेली हवी आणि ते पूर्ण कोरडं हवं. व्हॉल्व्ह बंद करूनही लाइनमधून थेंब येत असेल, तर काही कारागीर पाईपमध्ये पावाचा तुकडा कोंबतात. त्यात अन्नाची नासाडी तर आहेच, शिवाय तो लगदा पुढे नळाच्या जाळीत अडकतो. लाइन नीट रिकामी होऊ देणं हाच खरा उपाय. सीपीव्हीसीचंच सॉल्व्हेंट सिमेंट पाईपला भरपूर आणि कॅपच्या आत पातळ लावावं, पाव वळसा देत आतपर्यंत ढकलावं आणि अर्धा मिनिट दाबून धरावं, नाहीतर कॅप हळूच मागे सरकते. मग दाब देण्याआधी 24 तास थांबावं. घाईचं काम असेल तर हे आदल्या दिवशी करावं, पण जोडावर लगेच पाणी सोडू नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. फाटा डक्टमधल्या सामाईक लाइनवरून निघत असेल तर तो सोसायटीला विचारल्याशिवाय कापू नये. वरच्या-खालच्या घरांचं पाणी त्याच लाइनवर असतं, आणि तिथला फाटा व्हॉल्व्हपाशी थांबवण्याऐवजी टीपाशी बंद करायचा तर सगळ्यांचं पाणी काही तास बंद ठेवावं लागतं.

आमच्या फडताळामागची भिंत वाळायला पूर्ण उन्हाळा गेला. खार दोनदा ब्रशने झाडून काढला आणि भिंत कोरडी झाल्यावरच रंग दिला. ओलीवरच रंग दिला असता तर तो पुन्हा सुटला असता. दादाजींचं कुरआन शरीफ अम्मींनी सावलीत, पान पान मोकळं करून वाळवलं. कडा अजून थोड्या वळलेल्या आहेत, पण अक्षरं शाबूत आहेत. ते आता वर, नमाजच्या खोलीत असतं.

मिस्त्रींचा राग धरावा असं आम्हाला वाटत नाही. त्यांना विचारायचा एक प्रश्न आम्हाला माहीत नव्हता. आता माहीत आहे. घरातला कोणताही नळ, गीझर, वॉश बेसिन किंवा फिल्टर काढला जात असेल, तर प्लास्टर होण्याआधी विचारा: "याचा फाटा कुठून निघतो, आणि तुम्ही तो तिथेच बंद केला का?" उत्तर ऐकून थांबू नका. टी उघडी असतानाच ती दाखवायला सांगा.